"दहा टक्के गॅरंटीड पेन्शन" म्हणे!

आज दुपारी वहिनीचा फोन आला. आवाजात आनंद होता, म्हणून ऐकताना जास्तच पोटात गोळा आला. "अगं, माझ्या पेन्शनची सोय झाली. वर्षाला लाखभर भरायचे, मग आयुष्यभर दहा टक्के. गॅरंटीड!"

वहिनी खासगी शाळेत शिकवते. वय ४५. पीएफ किरकोळ, पेन्शन नाही. अशा बाईला "आयुष्यभर" हा शब्द ऐकवला की काय होतं, ते विकणाऱ्याला बरोबर माहीत असतं. म्हणून राग येतो. माझ्या यादीतले बहुतेक जण याच वयाचे, याच परिस्थितीतले आहात, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक झालं तर झालं.

मी विचारलं, विकणारा कोण? म्हणाली, अमुक फायनान्शियल सर्व्हिसेस, "गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड" आहेत, सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर पाठवलंय. बघितलं. कंपनी स्थापन झाल्याचं सर्टिफिकेट! कंपनी कायद्याखाली नोंदणी झाल्याचा कागद. तो भेळेच्या दुकानाची कंपनी काढली तरी मिळतो. पेन्शन विकायची परवानगी त्यातून मिळत नाही. जीवन विमा कंपन्यांच्या पेन्शन योजनांवर देखरेख करते ती विमा नियामक संस्था आयआरडीएआय आणि एनपीएस या सरकारी पेन्शन योजनेवर पीएफआरडीए. या दोघांपैकी कुणाच्या यादीत तुम्ही आहात, एवढंच विचारायचं. जीएसटी नंबर, आयएसओचा शिक्का, ऑफिसातला पुढाऱ्याबरोबरचा फोटो, यातलं काहीही त्याचं उत्तर नाही.

इथे दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, योजना खरी आहे का. प्रत्येक विमा योजनेला यूआयएन म्हणजे स्वतःचा ओळख क्रमांक असतो, माहितीपत्रकावर छापलेला. जीवन विम्यात त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे त्या विमा कंपनीचा नोंदणी क्रमांक, पुढे N असेल तर बाजाराशी न जोडलेली योजना, L असेल तर युलिपसारखी, म्हणजे पैसे बाजारातल्या फंडात गुंतवणारी, जोडलेली. irdai.gov.in वर कंपन्यांची आणि योजनांची यादी आहे, तिथे जुळवून बघा. वहिनीचा यूआयएन जुळला. कंपनी खरी, योजना खरी. तेवढं हायसं वाटलं.

दुसरी गोष्ट, विकणारा माणूस. त्याला मी स्वतः फोन केला. "दादा, तुमचा एजन्सी कोड किंवा तुमच्या फर्मचा ब्रोकर वा कॉर्पोरेट एजंट म्हणून नोंदणी क्रमांक द्या." आधी म्हणाला, पाठवतो. मग म्हणाला, कोड भावाच्या नावावर आहे, मी त्याचं काम बघतो. म्हणजे उद्या काही बिनसलं की कागदावर भाऊ आणि तोंडी आश्वासनं याची! बँकेत विकत घेत असाल तरी हेच विचारा. बँक कॉर्पोरेट एजंट असते आणि समोरच्या साहेबांकडे विमा विकायचं स्वतःचं प्रमाणपत्र असावं लागतं. रिलेशनशिप मॅनेजर असं कार्ड असून भागत नाही.

पोरगा वाईट नव्हता बोलायला. पंचविशीतला असेल, डोक्यावर टार्गेट असणार. पण पुढे तो जे म्हणाला त्याने पुन्हा डोकं फिरलं: "मॅडम, यात चार्जेसच नाहीत."

चार्जेस दिसत नाहीत, असं म्हण बाबा. युलिपमध्ये तरी ते वेगळे लिहिलेले असतात: प्रीमियम अलोकेशन, पॉलिसी ॲडमिनिस्ट्रेशन, मृत्यू जोखीम, आणि फंड सांभाळायचा आकार, ज्याला वर्षाला १.३५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. गॅरंटीड योजनेत कमिशन, खर्च, नफा सगळं आधीच वजा करून उरलेला आकडा तुम्हाला "गॅरंटी" म्हणून दाखवतात. त्यामुळे तिथे एकच प्रश्न: माझ्या हातात नक्की किती टक्के पडतात?

वहिनीचंच गणित घ्या. वर्षाला १ लाख, दहा वर्षं. मग पाच वर्षं काहीच नाही. वयाच्या साठीपासून दरवर्षी १ लाख, आणि तिच्या पश्चात भरलेले १० लाख वारसाला. समजा ती ७९ पर्यंत घेत राहिली. "दहा भरा, तीस मिळवा!" असं तो म्हणाला होता. बेरीज बरोबर आहे. पण दहा टक्के कशावर? भरलेल्या १० लाखांवर. ते पैसे मधल्या वर्षांत झोपलेले नसतात हो! साधे पाच टक्के धरले तरी साठीपर्यंत त्यांचे सोळा लाखांच्या वर होतात. पेन्शन मात्र दहावर, आणि शेवटी परतही दहाच.

एक्सेल उघडा. A रकान्यात पहिल्या दहा खान्यांत -100000, पुढच्या पाचांत 0, मग एकोणीस खान्यांत 100000, आणि शेवटच्या खान्यात 1100000. खाली लिहा:

```
=IRR(A1:A35)
```

उत्तर, म्हणजे वर्षाला हातात पडणारा खरा परतावा, पाच टक्क्यांच्या जरासं वर येतं. वहिनी नव्वदीपर्यंत जगली (जगोच!) तरी साडेपाचला टेकत नाही. दहा टक्के म्हणून विकलंय हे.

मान्य, इतक्या वर्षांसाठी दर आजच बांधून मिळणं याला किंमत आहे. पीपीएफचा ७.१ टक्के दर सरकार उद्या बदलू शकतं आणि एफडीचं तर विचारूच नका. ज्याला हातात पैसा टिकत नाही त्याला सक्तीने भरायला लावणारी योजना बरीही पडेल. पण मग पाच टक्के म्हणून विका ना!

आणि गॅरंटी कुणाची? "बँकेतून घेतलंय, बुडणार नाही" असं वहिनीच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या. गॅरंटी विमा कंपनीची असते, बँकेची नाही. बँक ठेवींचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण पॉलिसीला लागू नाही. आयआरडीएआय देखरेख करते, पैसे भरून देत नाही. एलआयसीच्या पॉलिसींना कायद्याने केंद्र सरकारची हमी आहे, खासगी कंपन्यांना तशी नाही. शिवाय बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे कधी किती मिळेल ते दाखवणारा तक्ता, मागून घ्या. बोनसवाल्या योजनांत ४ आणि ८ टक्के असे गृहीत धरलेले रकाने असतात. एजंटचं बोट हमखास आठच्या रकान्यावर असतं. तुम्ही "गॅरंटीड" लिहिलेला रकाना वाचा. ८ टक्के हे वचन नाही, नुसतं गृहीतक आहे.

वहिनीला सगळ्यात जास्त दुखलं ते वेगळंच. तो म्हणाला होता, "पाच वर्षांनी हवे तेव्हा काढा." सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर किती मिळतं त्याचा, तक्ता आम्ही फोनवर मिळून वाचला. पाच वर्षांनी निघाली तर भरलेलेही पूर्ण परत येत नाहीत. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा त्या एजंटनेच सांगितलं होतं, सगळ्याला हो म्हणा." तो फोन रेकॉर्ड होतो. तक्रार केलीत की तोच "हो" तुम्हाला ऐकवतात.

सुदैवाने पॉलिसीचा कागद तिच्या हातात परवाच पडलाय. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक असतो, तेवढ्यात पॉलिसी रद्द करता येते. थोडी वजावट होऊन पैसे परत मिळतात. अर्ज थेट कंपनीला लेखी किंवा ईमेलने करायचा, एजंटच्या हातात द्यायचा नाही, आणि पोच घ्यायची. कंपनीने टाळाटाळ केली तर आयआरडीएआयचं तक्रारींसाठीचं बीमा भरोसा पोर्टल, त्यानंतर विमा लोकपाल, आपल्याकडे पुण्यात आणि मुंबईत आहेत.

रद्द करायचं की ठेवायचं ते वहिनी आणि दादा ठरवतील, मी फक्त शीट पाठवलीय. कुणाला ती हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, स्वतःचे आकडे भरून बघा. आणि यादीतल्या एजंट मित्रांनो, भांडायला आलात तर आधी कोड लिहा.