आईने त्या दिवशी चहाही घेतला नाही

«ज्यांना आपण कधी भेटलोही नाही, त्यांच्यासाठी माणसं रडतात कशी? हे नाटकच नाही का?»

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लताबाई गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या वडगावच्या घरात आईनं गॅस बंद केला आणि मागच्या दारी जाऊन बसली. अण्णांचा माग चालायचा त्याच खोलीत रेडिओ असायचा. धोट्याच्या खटखटीतून जेवढं ऐकू येईल तेवढं गाणं. अण्णा २०१६ साली गेले, तेव्हा पाहुणे, दिवस, बारावं-तेरावं यात आईला रडायला सवडच मिळाली नव्हती. त्या रविवारी ती म्हणाली, ‘‘आता मागाची खोली खरीच गप्प झाली बघ.’’

या नात्याला १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी नाव दिलं, ‘पॅरासोशल’, म्हणजे एका बाजूचं नातं. समोरच्याला आपला पत्ता नसतो, पण रोज कानावर पडणाऱ्या आवाजाची सवय मनाला शेजारणीच्या हाकेसारखीच लागते. शिवाय तो आवाज एकटा राहत नाही, त्याला घरची माणसं चिकटतात. गाणी रेकॉर्डवर आहेतच की, मग गेलं काय? आईचं गेलं ते अण्णांसोबत ऐकण्याचं वय.

अडचण वेगळीच. या दुःखाला सुतक नाही, समाचाराला कुणी येत नाही. उलट गल्लीतला एकजण हसला, ‘‘काकू, तुमच्या कोण लागत होत्या?’’ मग माणूस लपून रडतो. मी आईला एवढंच विचारलं, अण्णांना कुठलं गाणं आवडायचं? तासभर बोलत होती. संध्याकाळी भाकरी थापायला उठली.