हिरे सिएरा लिओनकडेही होते

"बोट्सवाना पुढे गेला तो फक्त हिऱ्यांमुळे. जमिनीत खजिना असला की देश श्रीमंत होतो; कायदे, करार, संस्था हे सगळं पैसा आल्यावर आपोआप येतं."

खजिना सिएरा लिओनकडेही होता, आणि तो आधी हाती लागला होता. तिथे हिरे 1930 मध्ये सापडले, बोट्सवानातली ओरापाची खाण 1967 मध्ये. सिएरा लिओनमधून 1970 साली वीस लाख कॅरेटहून जास्त हिरे अधिकृतपणे बाहेर गेले. 1988 साली उरले सुमारे 48 हजार कॅरेट. हिरे काही संपले नव्हते. सत्तेजवळच्या माणसांनी धंदा हातात घेतला आणि माल चोरवाटेने शेजारच्या लायबेरियात जाऊ लागला. लायबेरियाच्या जमिनीतून निघत होते त्याहून कितीतरी जास्त हिरे लायबेरिया विकत होता, यावरूनच ते कळायचं. 1991 मध्ये यादवी पेटली.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. सिएरा लिओनचे बरेचसे हिरे नदीच्या वाळूत विखुरलेले. फावडं आणि चाळणी असली की कुणीही काढावेत. ओरापाचे हिरे खोल खडकात आहेत, तिथे कुंपण घालून राखण करता येते. हा फरक मला मान्य आहे. पण कॉंगोत एम्बुजी-मायीलाही असेच खडकातले हिरे आहेत, तरी ते शहर गरीबच राहिलं.

"कायदे नंतर येतात" हे तर तारखाच खोडून काढतात. ओरापाची खाण 1971 मध्ये सुरू झाली. त्याआधीच, 1967 मध्ये, खनिजांचा हक्क जमातींकडून देशाकडे देणारा कायदा झाला होता. ओरापा बामांग्वाटो जमातीच्या मुलखात येतं, आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. स्वतःच्या माणसांचा हक्क त्यांनी सगळ्या देशाचा होऊ दिला, याचं मोल मला हिऱ्यांहून मोठं वाटतं.

खरी परीक्षा पुढे झाली. हिऱ्यांचा धंदा करणाऱ्या डी बिअर्स कंपनीबरोबरच्या भागीदारीतल्या खाण कंपनीत सरकारचा वाटा सुरुवातीला 15 टक्के होता. नवे साठे सापडल्यावर सरकारने जास्त मागितलं, पण खाणी जप्त केल्या नाहीत. वाटाघाटी करून 1975 मध्ये वाटा 50 टक्क्यांवर नेला. आपले पैसे बुडणार नाहीत हे कंपनीला दिसलं, म्हणून तिने पुढेही गुंतवणूक केली. 1982 मध्ये ज्वानेंग सुरू झाली, मालाच्या किमतीने जगातल्या सर्वांत मोलाच्या हिरेखाणींपैकी एक.

चांगल्या संस्थांनी सगळं साधलं असंही नाही. बोट्सवानात विषमता आणि बेकारी मोठी आहे, तिजोरी अजून हिऱ्यांवरच टेकलेली आहे. 2024 मध्ये हिऱ्यांची मागणी घसरली आणि सरकारचे हात आखडले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत 58 वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला. राष्ट्राध्यक्ष मसिसी यांनी मतमोजणी पुरी होण्याआधीच पराभव मान्य केला आणि सत्ता शांतपणे विरोधकांकडे गेली.