रीचची बेरीज करून मालकाला फसवू नका

फिरत असलेला संदेश असा आहे: «फ्रीलान्स सोशल मीडियावाल्यांनो, महिन्याच्या रिपोर्टचं सूत्र लिहून ठेवा. १) सगळ्या पोस्टच्या रीचची बेरीज करून पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात टाका, मालक खूश. २) मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना दाखवा. ३) ऑर्डर किती आल्या हे आपलं काम नाही, ते मोजताही येत नाही. ४) रिपोर्ट किमान पंधरा पानांचा हवा.»

माझ्या मावसबहिणीने नुकतंच हे काम हातात घेतलं आहे. तिने हा संदेश जपून ठेवला आणि कोथरूडच्या एका मोदकवाल्या बाईंचा रिपोर्ट त्याच बरहुकूम करायला बसली, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण त्यातलं गणितच चुकीचं आहे. इन्स्टाग्रामच्या मदतपानावरची व्याख्या एकदा वाचा. रीच म्हणजे मजकूर किमान एकदा पाहिलेली वेगवेगळी खाती. व्ह्यूज म्हणजे तो किती वेळा दिसला, त्यात एकाच माणसाने चारदा पाहिलं तर चार. आता महिन्यात २० पोस्ट टाकल्या आणि प्रत्येकीचा रीच २,००० असला, तर बेरीज ४०,००० होते. पण रोज पाहणारी तीच माणसं असतील तर प्रत्यक्षात पाहणारे २,०००च आहेत. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो बेरजेतून कधीच कळत नाही. तो हवा असेल तर पूर्ण खात्याच्या इनसाइट्समध्ये महिन्याची मुदत निवडून `Accounts reached` बघायचं. समजा तिथे ६,००० दिसले. म्हणजे ४०,००० लिहिणाऱ्याने ३४,००० माणसं हवेतून आणली.

तिथेही थांबू नका. त्याच ठिकाणी शहरांची टक्केवारी असते. मोदकाच्या कळ्या पाडतानाचं रील इंदूर-दिल्लीपर्यंत जातं, लोक आवडीने बघतात, पण उकडीचा मोदक कोथरूडहून फार तर कर्वेनगर, वारजे, एरंडवण्यापर्यंत गरम पोचतो. ६,०००मध्ये पुणे ३५ टक्के असेल तर उरले २,१००. हा आकडा छोटा दिसतो म्हणून लपवू नका. मालकिणीला उपयोगाचा तोच आहे. पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलली असेल तर त्या जाहिरातीतून आलेली माणसं वेगळी लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात जाहिरात बंद झाली की रीच पडल्याचं खापर तुमच्यावर फुटेल.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. मागच्या महिन्यापेक्षा मागच्या वर्षाशी तुलना बरी. पण आपले सण इंग्रजी महिन्याने चालत नाहीत. गणेश चतुर्थी २०२४मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५मध्ये २७ ऑगस्टला. त्यामुळे मोदकांच्या धंद्यात २०२५चा ऑगस्ट फुगलेला दिसणार आणि सप्टेंबर कोसळलेला. दोन्हींत तुमचं श्रेय नाही आणि दोषही नाही. चतुर्थीच्या दहा दिवस आधीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मोजा: २०२४मध्ये २८ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर, २०२५मध्ये १७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. दोन्ही वेळा २१ दिवस भरतात. इन्स्टाग्राम ॲप फार मागचे आकडे हाताशी ठेवत नाही, म्हणून दर १ तारखेला ते स्वतःच्या शीटमध्ये उतरवून घ्यावे लागतात.

तिसरा मुद्दा वाचून खरंच राग येतो. मोजता येतं, फक्त महिना सुरू होण्याआधी तयारी करावी लागते. इन्स्टाच्या बायोमध्ये नुसता नंबर देऊ नका. आधीच संदेश भरलेली व्हॉट्सॲप लिंक द्या:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=INSTA%20modak%20order
```

गूगलवरच्या दुकानाच्या पानासाठी INSTAच्या जागी GOOGLE लिहून दुसरी लिंक करा. ग्राहकाने पाठवलं की पहिल्याच शब्दावरून तो कुठून आला ते दिसतं. मालकिणीच्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘इन्स्टा’ नावाचं लेबल बनवा, तसा संदेश आला की तिने ते लावायचं आणि पैसे आले की सोबत `Paid` लावायचं. १ तारखेला तिच्या फोनवर दोघींनी बसून लेबलं मोजायची. अर्धा तास पुरतो.

यातही गळती आहे. काही जण भरलेला संदेश पुसून नुसतं ‘हाय’ पाठवतात, काही इन्स्टावर बघून थेट फोन लावतात. म्हणून ऑर्डर घेताना ‘कुठून कळलं?’ हे विचारायचंच, आणि तरीही मिळालेला आकडा ‘किमान एवढे’ असाच लिहायचा. मेटाच्या जाहिरातीतलं `Messaging conversations started` इथे वापरू नका. सात दिवस गप्प राहून परत बोललेला माणूस त्यात पुन्हा मोजला जातो, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं नवी वाटतात.

आता एक महिना मांडून बघू. आकडे मानलेले आहेत. INSTA लिहिलेले संदेश ६२. त्यातली ९ जुनी गिऱ्हाइकं, म्हणजे नव्या चौकश्या ५३. त्याच दिवशी उत्तर गेलं ४१ जणांना, ऑर्डर पक्क्या झाल्या २२. प्रत्येकी २१ मोदक, मोदक ३५ रुपयांना, म्हणजे ऑर्डर ७३५ रुपयांची आणि विक्री १६,१७०. पिठी, नारळ, गूळ, गॅस आणि मदतनीस बाईंची मजुरी काढून मोदकामागे १५ रुपये सुटत असतील, तर हातात ६,९३० आले. खर्च बघा: जाहिरात २,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६० (ॲड्स मॅनेजरमधल्या खर्चात तो दिसत नाही, बिलात दिसतो), आणि तुमची फी ८,०००. एकूण १०,३६०. म्हणजे या महिन्यात तोटा ३,४३० रुपये.

हे लिहायला हात थरथरतो हे समजू शकते. पण याच गणितात कामाची गोष्ट सापडते. १२ जणांना त्या दिवशी उत्तरच गेलं नाही. उत्तर गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनी ऑर्डर दिली, म्हणजे सहाएक ऑर्डरी, जवळजवळ १,९०० रुपये, नुसत्या न वाचलेल्या संदेशांत गेले. चतुर्थीच्या आदल्या तीन दिवसांत मालकिणीचे दोन्ही हात उकडीत असतात, ती फोन कसा बघणार? आणखी चार रील टाकून हे सुटणार नाही, फोन सांभाळायला माणूस लागेल. दुसरं, त्या २२ जणांतले किती जण संकष्टीला परत मागवतात ते पुढच्या महिन्यांत बघायचं. परतलेल्या गिऱ्हाइकासाठी जाहिरातीचा रुपया लागत नाही, म्हणून हा तोटा भरून निघतो की नाही हे तिथेच ठरेल.

चौथ्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. एक पान पुरतं, आणि तेही मराठीत, व्हॉट्सॲपवर वाचता येईल असं. या महिन्याचं पान असं गेलं पाहिजे: «ताई, पुण्यातल्या साधारण २,१०० खात्यांनी आपल्या पोस्ट पाहिल्या. इन्स्टावरून किमान ५३ नव्या चौकश्या, २२ ऑर्डरी, हातात ६,९३०. जाहिरात आणि माझी फी मिळून खर्च १०,३६०. १२ जणांना वेळेत उत्तर गेलं नाही. पुढच्या संकष्टीच्या आदल्या दिवशी दुपारी ४ ते ९ फोन कोण बघणार, ते या आठवड्यात ठरवूया.»