‘पीव्हीमधून एसी वजा करा’ : अर्न्ड व्हॅल्यूच्या त्या फॉरवर्डला उत्तर

> “अर्न्ड व्हॅल्यूची गणितं एका मिनिटात! १) पीव्हीमधून एसी वजा करा. धन आलं तर प्रोजेक्ट बजेटमध्ये, ऋण आलं तर बजेटबाहेर. २) ईव्ही वेगळी काढत बसू नका, जेवढा खर्च तेवढं काम. टक्के दिले असतील तर खर्चाला गुणा. ३) एसव्ही ऋण आला की प्रोजेक्ट तेवढे दिवस लेट. ४) सूत्र विसरलात तर एवढंच : ईव्ही नेहमी आधी, आणि ऋण म्हणजे वाईट. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला पाठवा!”

हे माझ्या पुतणीला तिच्या वर्गाच्या ग्रुपवरून आलं आणि तिने मला पाठवलं : “काका, हे बरोबर आहे ना? सरांनी वेगळंच शिकवलंय.” सरांनी बरोबर शिकवलंय. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने एकही तक्ता शेवटपर्यंत सोडवून पाहिलेला नाही. अर्न्ड व्हॅल्यू म्हणजे प्रोजेक्ट वेळापत्रकाच्या आणि बजेटच्या मानाने कुठे आहे, हे झालेल्या कामाच्या बजेटवरून मोजायची पद्धत. म्हणून आधी तक्ताच घेऊ. परीक्षेत येतो तसा छोटा, चार कामांचा. तपासणीच्या तारखेची स्थिती आहे आणि रकमा हजारांत आहेत.

| काम | बजेट | ठरलेलं काम | झालेलं काम | झालेला खर्च |
|---|---|---|---|---|
| अ | ४० | १००% | १००% | ४५ |
| ब | ६० | १००% | ७५% | ४० |
| क | ५० | ६०% | ४०% | २५ |
| ड | ५० | ०% | २०% | १० |

पीव्ही म्हणजे या तारखेपर्यंत जे काम व्हायला हवं होतं त्याचं बजेट : ४० + ६० + ३० + ० = १३०. ईव्ही म्हणजे जे काम खरोखर झालं त्याचं बजेट : ४० + ४५ + २० + १० = ११५. एसी म्हणजे त्या झालेल्या कामाला प्रत्यक्षात लागलेला खर्च : ४५ + ४० + २५ + १० = १२०. पुढे दोनच वजाबाक्या उरतात, वेळापत्रकासाठी एसव्ही आणि खर्चासाठी सीव्ही.

```
SV = EV − PV = 115 − 130 = −15
CV = EV − AC = 115 − 120 = −5
```

म्हणजे प्रोजेक्ट मागेही आहे आणि झालेल्या कामाच्या मानाने महागही पडलंय. आता फॉरवर्डमधला पहिला मुद्दा लावा. १३० वजा १२०, उत्तर अधिक १०. धन! प्रोजेक्ट बजेटमध्ये, सगळं आलबेल. दोन्ही आघाड्यांवर घसरलेल्या प्रोजेक्टला या युक्तीने शाबासकी मिळाली. माझा सगळा राग या मुद्द्यावर आहे, कारण इथे आकडा थोडाफार चुकत नाही, निष्कर्षच उलटा होतो.

असं का होतं ते ‘ब’च्या ओळीत नीट दिसतं. ठरलेलं काम ६०चं, खर्च ४०. फॉरवर्डवाला म्हणणार, २० वाचले. वाचले कुठे? काम झालंय ७५ टक्के, म्हणजे ४५चं. त्याला ४० लागले, तेव्हा खरी बचत ५. उरलेले १५ वाचलेले नाहीत. ते काम अजून झालेलंच नाही, म्हणून त्याचा खर्चही झालेला नाही. उद्या ते करावं लागेल आणि पैसेही जातील. पीव्ही वजा एसी या वजाबाकीला न केलेलं काम आणि स्वस्तात केलेलं काम यांतला फरक कळत नाही, कारण तिच्यात झालेल्या कामाचा आकडाच कुठे नाही. काहीच न करता बसून राहिलेलं प्रोजेक्ट या हिशेबात सर्वांत काटकसरी ठरेल.

बीजगणित करून बघायचं असेल तर पीव्ही वजा एसी हे नेमकं सीव्ही वजा एसव्ही एवढंच असतं. ‘ब’मध्ये ५ वजा (−१५) म्हणजे २०. एकूण बेरजेत −५ वजा (−१५) म्हणजे १०. उशीर जितका वाढेल तितकं हे उत्तर फुगतं. याचा एक उपयोग मात्र आहे. पेपर संपवताना दोन्ही व्हेरियन्स काढून झाले की त्यांची वजाबाकी पीव्ही वजा एसीशी जुळते का ते बघायचं. नाही जुळली तर बेरजेत कुठेतरी घोटाळा आहे. ताळा म्हणून ठीक, उत्तर म्हणून शून्य गुण.

आणि यासाठी माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमबीओके गाइडच्या २०१७च्या सहाव्या आवृत्तीत खर्चाच्या नियंत्रणाच्या भागात दोन्ही व्याख्या स्वच्छ दिल्या आहेत : शेड्यूल व्हेरियन्स म्हणजे ईव्ही वजा पीव्ही, कॉस्ट व्हेरियन्स म्हणजे ईव्ही वजा एसी. पीव्हीमधून एसी वजा करून येणारा व्हेरियन्स तिथे नाही. काही जुन्या धाटणीच्या पेपरांत तक्त्यावर बीसीडब्ल्यूएस, बीसीडब्ल्यूपी आणि एसीडब्ल्यूपी असे मथळे येतात. त्यांना घाबरू नका, क्रमाने पीव्ही, ईव्ही आणि एसीच आहेत.

दुसरा मुद्दा. खर्च म्हणजेच काम असेल तर ईव्ही आणि एसी कायम सारख्याच येतील, आणि सीव्ही जन्मभर शून्य. मग परीक्षकाने तो विचारला कशाला? एवढा साधा प्रश्नही लिहिणाऱ्याला पडला नाही. टक्क्यांनी खर्चाला गुणणं तर आणखी वाईट. ‘ब’मध्ये ४०चे ७५ टक्के म्हणजे ३० येतात, आणि या ३०ला काहीच अर्थ नाही. झालेल्या कामाचे टक्के त्या कामाच्या बजेटला लागतात, खर्चाला कधीच नाही. खर्च जसा तक्त्यात दिलाय तसाच उचलायचा.

इथेच मुलं आणखी एक घाई करतात. चारही टक्क्यांची सरासरी काढतात आणि एकूण बजेटला गुणतात. १००, ७५, ४०, २० यांची सरासरी ५८.७५, आणि २००ला गुणलं की ११७.५. खरी ईव्ही ११५ आहे. फरक छोटा दिसतो, पण सीव्ही −५च्या जागी −२.५ होतो, म्हणजे निम्मा. कामांची बजेटं सारखी नसतील तर साधी सरासरी चालत नाही. ओळीओळीने गुणाकार करा आणि मग बेरीज. आणि प्रश्नात ५०-५० नियम लावायला सांगितला असेल, तर सुरू झालेलं पण न संपलेलं प्रत्येक काम ५० टक्के धरायचं. तसं केलं तर याच तक्त्यात ईव्ही १२० होते आणि सीव्ही शून्यावर येतो. तेव्हा तक्त्याच्या वरची ओळ वाचल्याशिवाय पेन टेकवू नका.

तिसरा मुद्दा वरवर निरुपद्रवी वाटतो, पण कामाच्या ठिकाणी यानेच गोंधळ होतो. एसव्ही −१५ म्हणजे १५ दिवस नव्हेत. ईव्ही पैशांत, पीव्ही पैशांत, तर त्यांची वजाबाकी दिवसांत कुठून येणार? तिचा अर्थ एवढाच, की या तारखेपर्यंत ठरलेल्या कामापैकी १५ हजारांच्या बजेटचं काम निव्वळ कमी पडलंय. किती दिवस उशीर, हे या तक्त्यावरून सांगताच येत नाही.

‘निव्वळ’ का म्हटलं, ते ओळीवार पाहिल्यावर कळतं. अ शून्य, ब −१५, क −१०, ड अधिक १०. म्हणजे ब आणि क मिळून २५ने मागे आहेत आणि ‘ड’ने १० भरून काढलेत. ‘ड’ला तर या तारखेपर्यंत सुरूच व्हायचं नव्हतं. हाताशी माणसं मोकळी होती, काम सोपं होतं, म्हणून आधी उरकून घेतलं असेल. साइटवर हे सर्रास चालतं, आणि महिन्याच्या अहवालात एसव्ही सावरलेला दिसतो. पण ब क्रिटिकल पाथवर, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीत असेल तर ‘ड’च्या घाईने शेवटची तारीख एक दिवसही अलीकडे येणार नाही. उलट ‘ब’ला पुरेसा फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता लांबायची मुभा असेल तर हा −१५ असूनही प्रोजेक्ट वेळेत संपू शकतं. हे नेटवर्क डायग्राममध्ये कळतं, एसव्हीत नाही.

याहून मोठी मेख शेवटाकडे आहे. समजा हे २००चं प्रोजेक्ट १० महिन्यांत संपायचं होतं आणि संपलं १३ महिन्यांनी. दहाव्या महिन्यानंतर पीव्ही २००वर थांबते, तिच्यात वाढायला काही उरत नाही. ईव्ही रखडत रखडत तेराव्या महिन्यात २००ला पोचते. त्या दिवशी एसव्ही किती? शून्य. तीन महिने उशीर झालेलं प्रोजेक्ट एसव्हीच्या हिशेबाने वेळेवर. वर सांगितलेल्या गाइडमध्येही हे नोंदवलेलं आहे, की प्रोजेक्ट पूर्ण झालं की एसव्ही अखेर शून्यच होतो, कारण ठरलेली सगळी व्हॅल्यू तोवर मिळवून झालेली असते. याच अडचणीमुळे वॉल्ट लिपके यांनी २००३ मध्ये ‘अर्न्ड शेड्यूल’ची पद्धत मांडली, तिच्यात उशीर वेळेत मोजतात. तुमच्या अभ्यासक्रमात ती नसेल तर सोडा, पण एसव्हीपुढे ‘दिवस’ लिहू नका. लिहायचं तर असं : “ठरलेल्या कामापेक्षा १५ हजारांचं काम कमी झालं, प्रोजेक्ट वेळापत्रकाच्या मागे आहे. झालेल्या कामाला बजेटपेक्षा ५ हजार जास्त लागले.” आणि “एकूण बजेट २००, खर्च १२०, अजून ८० शिल्लक” असलं वाक्य तर उत्तरपत्रिकेत मुळीच नको. उरलेलं काम ८५चं आहे, हे त्या ८०ला माहीत नसतं.

चौथा मुद्दा मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावा लागतो. एसव्ही आणि सीव्ही दोन्हींत ईव्ही आधी येते आणि दोन्हींत ऋण म्हणजे वाईट. एसपीआय म्हणजे ईव्ही भागिले पीव्ही आणि सीपीआय म्हणजे ईव्ही भागिले एसी, त्यांतही ईव्ही वरच असते, आणि १च्या खाली गेलं की वाईट. लक्षात ठेवायला सोयीचं आहे. फक्त हेच माहीत असलेल्या माणसाने पहिल्या मुद्द्यात ईव्हीला पार हाकलून कसं दिलं, हे त्यालाच विचारायला हवं. शिवाय त्या ‘नेहमी’वर फार विसंबू नका. याच तक्त्यावर पुढचा उपप्रश्न बहुधा व्हीएसीचा येतो. खर्चाचा हाच कल पुढे चालू राहील असं धरलं तर ईएसी, म्हणजे प्रोजेक्ट संपेपर्यंतचा अंदाजे एकूण खर्च, हा बजेट भागिले सीपीआय, २०० भागिले (११५/१२०), साधारण २०८.७. आणि व्हीएसी म्हणजे एकूण बजेट वजा ईएसी, −८.७. त्या वजाबाकीत ईव्ही आधीही नाही आणि नंतरही नाही.