शिट्टी लावून केक? आधी कुकरच्या झाकणाकडे बघा

«ओव्हनची गरजच नाही!! कुकरच्या तळाला मीठ टाका, पाणी अजिबात नको. झाकण शिट्टीसकट घट्ट लावा, उष्णता बाहेर जाणार नाही. मोठ्या आचेवर फक्त १५ मिनिटं. मध्ये मध्ये उघडून बघा. केक बसला तर इनो कमी पडला, दोन पाकिटं घाला. बेकरीपेक्षा भारी केक तयार. सगळ्या मैत्रिणींना पाठवा.»

हा मेसेज आमच्या नात्यातल्या ग्रुपवर मामींनी टाकला आणि फुलेवाडीच्या माझ्या धाकट्या जाऊबाईंनी पोराच्या वाढदिवसाला तो जसाच्या तसा करून बघितला. केकचं काय झालं ते पुढे येईलच, पण कुकरच्या झाकणाला भोक पडलं. मामींना फोन केला तर म्हणाल्या, "अगं, एवढ्या जणींनी पाठवलंय, खोटं असंल व्हय?" म्हणून लिहायला बसले. घरगुती केकच्या ऑर्डरी घेते, सुरुवातीची बरीच वर्षं ओव्हन नव्हताच, सगळं कुकर आणि कढईवर चालायचं. त्यामुळे ओव्हनशिवाय केक होत नाही असं म्हणणारी मी नव्हे.

सगळ्यात आधी शिट्टी, कारण बाकीच्या गोष्टींनी केक बिघडतो, हिने माणूस भाजू शकतो.

कुकर हे वाफेचं भांडं आहे. आत पाणी असेल तोवर उष्णतेला एक लगाम असतो. शिट्टीच्या दाबाला आतलं तापमान साधारण १२० अंशांवर अडकतं, त्यापुढची उष्णता वाफ होऊन निघून जाते. पाणीच घातलं नाही तर हा लगाम सुटतो आणि खाली आच आहे तोवर धातू तापतच राहतो. कुकर घेताना जी पुस्तिका मिळते, जी आपण सगळे न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतो, ती काढून बघा. पाण्याशिवाय कुकर बंद करून तापवू नका, हे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मेसेज पाठवणाऱ्यांपेक्षा कुकर बनवणाऱ्याला कुकर जास्त कळतो, एवढं तरी मान्य करूया.

का लिहिलेलं असतं, तर झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसाठी. बहुतेक कुकरांच्या या व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक ठिपका बसवलेला असतो. तो मुद्दाम तसा असतो. आतलं पाणी आटलं आणि भांडं भलतंच तापलं, की तो वितळतो आणि भोकातून वाफ निघून जाते. म्हणजे कोरडा कुकर मोठ्या आचेवर ठेवून तुम्ही नेमकी ती वेळ आणता, जिच्यासाठी तो व्हॉल्व्ह आहे. जाऊबाईंच्या झाकणाला पडलेलं भोक हे कुकर खराब असल्याचं लक्षण नव्हे, त्याने आपलं काम चोख केलं. एक मात्र बजावून सांगते, असं भोक पडलं तर त्यात स्क्रू घालू नका, एम-सील लावू नका, दुकानात मिळेल तो व्हॉल्व्ह बसवू नका. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवीन व्हॉल्व्ह बसेपर्यंत त्यात भातसुद्धा लावायचा नाही.

आता कुणी म्हणेल, पाणी नाही म्हणजे वाफ नाही, मग दाब कुठून येणार? केकच्या पिठातून. सहा इंची डब्यातल्या अर्धा किलो पिठातून भाजताना ढोबळमानाने पन्नासेक ग्राम पाणी उडून जातं. एक ग्राम पाण्याची वाफ साधारण पावणेदोन लिटर जागा मागते. पन्नास ग्रामचा हिशेब करा, ऐंशी लिटरच्या वर जातो, आणि आपला कुकर पाच लिटरचा. शिट्टी उचलली जाऊन वाफ निघत राहिली तर बरं. पण दोन पाकिटं इनो घातलेलं पीठ फेसाळून डब्याबाहेर येतं, वर उडतं, आणि शिट्टीची नळी त्यानेच चोंदली तर मग दाबाला त्या व्हॉल्व्हशिवाय दुसरी वाट कुठली?

शिवाय केकला दाब नकोच असतो. दाबाखाली पीठ नीट फुगत नाही, आणि झाकण उघडल्यावर दाब एकदम उतरला की आतली जाळी फाटून केक मधोमध बसतो. वाफ कोंडलेली असल्यामुळे वरचा भाग ओला, पांढरट, चिकट राहतो. रबरी रिंग कोरड्या उष्णतेने कडक होते आणि तिचा जळका वास केकला लागतो तो वेगळाच. जाऊबाईंचा केक नेमका असा झाला होता, खालून कोळसा आणि वरून खळ.

बरं, शिट्टीसकट घट्ट लावलेलं झाकण «मध्ये मध्ये उघडून बघा», हे कसं जमवायचं तेही लिहिणाऱ्याने सांगायला हवं होतं. गरम कुकर दाबात असताना उघडायला सांगणं हा निव्वळ गाढवपणा आहे.

मग कुकर वापरायचाच नाही का? वापरा, पण खालचं भांडंच घ्या. कुकरचं झाकण बाजूला ठेवा आणि तोंडावर बसेल असं जड ताट किंवा पातेल्याचं झाकण ठेवा. शिट्टी आणि रिंग काढून कुकरचंच झाकण नुसतं ठेवणाऱ्या खूप जणी आहेत आणि मंद आचेवर त्यांचं वर्षानुवर्षं निभतं, कारण झाकण तळाइतकं तापत नाही. पण व्हॉल्व्ह तिथे असतोच, आणि ताट ठेवल्याने काम होत असेल तर तो पणाला कशाला लावायचा? आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरचं तोंड लहान असतं, त्यामुळे डबा आत जातो का हे पीठ कालवण्याआधी बघा. खरं तर जाड लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची खोल कढई यापेक्षा सोयीची. नॉनस्टिक कढई मात्र कोरडी तापवायची नाही, तिचा थर त्यासाठी नसतो.

आता आच आणि वेळ. पंधरा मिनिटांत ढोकळा होतो. केकचा मधला भाग शिजायला तिथलं पीठ पंचाण्णव अंशांच्या वर जावं लागतं, आणि पिठातून उष्णता आत सरकते फार सावकाश. आच वाढवून ती घाई करत नाही. वाढते ती फक्त तळाची जळण.

मी सहा इंची डब्याचा केक असा करते. कढईत मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टीलचं कडं किंवा छोटं स्टँड. डबा मिठावर टेकता कामा नये, टेकला की तळ काळा झालाच म्हणून समजा. झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं. तोवर पीठ तयार: एक कप मैदा, म्हणजे सव्वाशे ग्रामच्या आसपास, त्याला एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि दही घातलं असेल तर पाव चमचा सोडा. बस. डबा अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरतो, त्याहून नाही. डबा आत ठेवताना झाकण उघडलं की उष्णता जाते, म्हणून पहिली पाच मिनिटं आच मध्यमच ठेवायची. मग कढई लहान बर्नरवर, आच अगदी बारीक. तिथून पुढची पंचवीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. तेव्हा केकचा मधला भाग अजून ओला असतो, गार हवा लागली की खचतो. साधारण पस्तिसाव्या मिनिटाला टूथपिक मधोमध घालून बघायची. ओलं पीठ चिकटलं तर पाच-पाच मिनिटं वाढवायची. बहुतेक वेळा चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांत काम होतं. टूथपिक कोरडी निघाली आणि केकने डब्याची कड सोडली, की गॅस बंद. दहा मिनिटं बाहेर ठेवून मग पालथा घालायचा.

आपल्याकडे गुळाचा केक बऱ्याच जणी करतात. त्यात रंगावर जाऊ नका. गूळ लवकर काळपटतो, वरून झालेला वाटतो आणि आत कच्चा असतो. तिथे टूथपिकचंच ऐकायचं आणि आच आणखी जपायची.

आच चुकली हे केकच सांगतो. दहा-पंधरा मिनिटांतच खरपूस वास सुटला तर आच मोठी आहे, लगेच कमी करा. मध्ये डोंगर होऊन तडकला आणि फटीतून पीठ वर आलं, तरी तेच. उलट पाऊण तास होऊनही टूथपिकला ओलं पीठ लागत असेल तर कढई आधी पुरेशी तापली नव्हती. वरून बेकरीसारखा तपकिरी रंग येणार नाही, तो नाद सोडा. वरून आचच नसते, रंग येणार कुठून? झाकणाला साचलेलं पाणी केकवर ठिबकू नये म्हणून आतून सुती फडकं बांधते आणि त्याची टोकं वर घेऊन झाकणाच्या मुठीला घट्ट गाठ मारते. टोक खाली लोंबलं तर पेट घेईल.

इनोबद्दल फार लिहायला नको. केक बसतो तो घाईने उघडल्याने, डबा जास्त भरल्याने किंवा फुगवणारा पदार्थ जास्त झाल्याने. दोन पाकिटांनी आधी भसकन फुगेल, मग खचेल, आणि जिभेला खारट-साबणासारखी चव राहील ती राहीलच.

मिठाचं तेवढं मान्य करावं लागेल. तळाची उष्णता एकसारखी पसरवायला मीठ खरंच उपयोगी आहे. भट्टीवाला चुरमुरे फोडायला तापलेली वाळू वापरतो, तसंच हे. पण मिठाशिवाय केक होतच नाही असं काही नाही, नुसत्या स्टँडवरही होतो, फक्त आचेवर जास्त लक्ष द्यावं लागतं. लक्ष्मीपुरी बाजारातून जाडं मीठ आणा, बारीक मिठाचा पुडा वाया घालवू नका. पहिल्यांदा ओलं असेल तर तडतडतं, घाबरू नका. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मीठ तसंच सोडून मात्र झोपायचं नाही, दमट झालं की तळाला बारीक खड्डे पाडतं. गार झाल्यावर कोरड्या बरणीत काढा, भांडं धुऊन पुसून ठेवा. तेच मीठ पुढच्या केकला चालतं, आमटीत घालायचं नाही. बरणीवर तसं लिहून ठेवा, घरात दुसरं कुणी स्वयंपाक करत असेल तर.