पाच हजार गेले कुठे?

फिरत आलेला निरोप असा: “पॅकेज 3 लाख 72 हजार, म्हणजे महिन्याला 31,000. हातात 26,000. पाच हजार कापले! पीएफ तर दोनदा कापतात, एकदा आपल्या नावाने, एकदा कंपनीच्या. आणि पासबुकात कंपनीचे पुरते पैसे भरलेलेच नसतात. पहिल्याच पगाराला जाब विचारा.”

जाब जरूर विचारा, पण आधी बेरीज जुळवू. माझ्या भाचीला पुण्यात पहिली नोकरी लागली ती नेमकी याच पॅकेजवर, आणि हा निरोप मला तिनेच पाठवला. म्हणून तिचीच स्लिप घेतो.

स्लिपच्या डाव्या बाजूला कमाई आहे: बेसिक 15,000, घरभाडे भत्ता 7,500, विशेष भत्ता 5,500. बेरीज 28,000. हा ग्रॉस पगार. कपात मोजायची ती इथून, 31,000 पासून नाही. उजव्या बाजूला दोनच ओळी आहेत: पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. टीडीएसच्या ओळीत शून्य, कारण एवढ्या पगारावर आयकर लागतच नाही. म्हणजे कापले गेले दोन हजार, आणि त्यातले 1,800 तिच्याच खात्यात जमा झाले.

उरलेले तीन हजार पगारात कधी आलेच नव्हते. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा 1,800, पीएफसोबतच्या विम्याचे आणि प्रशासन शुल्काचे मिळून 150, ग्रॅच्युइटीची तरतूद 721 आणि गटविम्याचा हप्ता 329. सीटीसी म्हणजे कंपनीला ही नोकरी किती रुपयांना पडते तो आकडा. त्याला बाराने भागून पगार काढणं हीच पहिली चूक. निरोप लिहिणाऱ्याचा राग मात्र अगदीच अनाठायी नाही. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षांनी मिळते, तरी ती पहिल्या वर्षाच्या पॅकेजमध्ये मिरवली जाते. ऑफर देताना आकडा फुगवण्याचा हा प्रकार मलाही आवडत नाही. पण फुगवणं वेगळं आणि कापणं वेगळं.

आता “दोनदा पीएफ”. कंपनीचा हिस्सा कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. तरी काही स्लिपवर तो कपातीच्या रकान्यात दिसतो. अशा वेळी डावीकडे बघायचं. तिथेही तोच आकडा कमाई म्हणून धरलेला असेल, तर ग्रॉस 29,800, कपात 3,800, आणि हातात तेच 26,000. आत घेतला, बाहेर काढला, हिशेब बरोबर. डावीकडे मात्र 28,000 च असतील, कपात 3,800 असेल आणि हातात 24,200 पडले असतील, तर तो हिस्सा खरोखर तुमच्या खिशातून गेला. जाब विचारायची जागा ती. भाचीच्या स्लिपवर कंपनीचा वाटा खाली वेगळ्या चौकटीत होता, बेरजेत कुठेच नव्हता.

पासबुकाची तक्रार तिनेही केली होती. “मामा, माझे 1,800 आहेत, पण कंपनीचे 550 च भरलेत!” तिने पेन्शनचा रकाना पाहिलाच नव्हता. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, म्हणजे 15,000 वर 1,250. उरलेले 550 पीएफमध्ये. दोन्ही मिळून 1,800 होतात. फक्त पेन्शनचे पैसे पीएफच्या शिलकीत धरायचे नाहीत. त्यावर व्याज चढत नाही आणि मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते.

एक गोष्ट निरोपात नाही, पण पहिल्या स्लिपवर हमखास गोंधळ घालते. भाची 11 जूनला रुजू झाली. त्यामुळे पगाराचे दिवस 30 पैकी 20, बेसिक 10,000, पीएफ 1,200, ग्रॉस 18,667. व्यवसाय कर शून्य, कारण महाराष्ट्रात बाईचा महिन्याचा पगार 25,000 पर्यंत असेल तर तो लागत नाही. जुलैत पूर्ण पगार झाला आणि 200 ची ओळ उगवली. तिला वाटलं नवीन कपात सुरू झाली. (फेब्रुवारीत तेच 300 होतील, तेव्हा पुन्हा फोन येईल.)

दोन हजारांच्या कपातीबद्दल खरा प्रश्न एकच उरतो: कापलेले 1,800 पोचले का? कंपनीने ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. जूनच्या पगाराची नोंद जुलै संपत आला तरी यूएएनच्या पासबुकात दिसली नाही, तर स्लिप हातात घेऊन एचआरकडे जा.