शून्याने सरकवलं तरी सरकतंय

चार बिट सरकवायचेत, बास. एवढंच काम होतं. रविवारी सकाळी बसलो, म्हटलं जेवायच्या आत उरकतं, आणि रात्री साडेअकराला मी ब्रेडबोर्डसमोर मान टाकून बसलेलो आणि माझा धाकटा भाऊ शेजारी खुर्चीवर उलटा बसून माझी मजा बघत होता.

आधी हे सांगतो की साधा शिफ्ट रजिस्टर का नाही वापरला, कारण हा प्रश्न मला भावानेच पहिल्या दहा मिनिटांत विचारला. शिफ्ट रजिस्टर क्लॉकच्या एका ठोक्याला एकच घर सरकतो, तीन घरं सरकायची तर तीन ठोके थांबा. 1978 च्या इंटेलच्या 8086 प्रोसेसरमध्ये पण हीच रड होती, CL नावाच्या रजिस्टरमध्ये n आकडा ठेवून तेवढी घरं सरकवायला 8+4n क्लॉक लागायचे, म्हणजे तीन घरांना वीस. पुढे 80386 मध्ये बॅरल शिफ्टर आला, म्हणजे कितीही घरं एका दमात सरकवणारं सर्किट, आणि एक घर असो की एकतीस, तेच तीन क्लॉक. मला तो बॅरल शिफ्टर हवा होता, फक्त चार बिटांचा, हातात धरता येईल असा.

आयडिया इतकी सोपी आहे की त्यानेच माणूस फसतो. मल्टिप्लेक्सर म्हणजे दोन वायरींपैकी एक निवडणारा फाटा, आणि कोणती निवडायची ते सिलेक्ट नावाची तिसरी वायर ठरवते. असे चार फाटे एका ओळीत मांडायचे, प्रत्येकाला एक वायर स्वतःच्या बिटाची आणि दुसरी उजवीकडच्या शेजाऱ्याची. सिलेक्ट 0 असेल तर सगळे जागच्या जागी, 1 असेल तर सगळे एक घर डावीकडे, आणि डाव्या टोकावरून पडणारा बिट फिरून उजव्या टोकाला. हा पहिला थर, त्याच्या सिलेक्टचं नाव S0. त्याच्या खाली दुसरा थर अगदी तसाच, फक्त इथे शेजारी एक सोडून पलीकडचा, म्हणजे दोन घरं, आणि सिलेक्ट S1. झालं. तीन घरं हवीत? दोन्ही थर चालू करा, एक अधिक दोन. क्लॉक नाही, वाट बघणं नाही, सिग्नल दोन फाट्यांतून घरंगळत खाली आला की उत्तर हजर.

74HC157 नावाच्या चिपमध्ये असे चार फाटे असतात आणि चौघांचा सिलेक्ट एकाच पायावर, त्यामुळे एक थर म्हणजे एक चिप. दोन चिपा, सोळा इनपुट वायरी, चार एलईडी. पाय 15 ग्राउंडला टाकायला विसरायचं नाही, नाहीतर चिप संपावर जाते. तो मी विसरलो नाही हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं फार काही नाहीये.

टेस्टसाठी मी 1011 घेतला. का? कारण दिसायला छान वाटला. S1 आणि S0 दोन्ही वर, म्हणजे तीन घरं. हिशोबाने 1011 चा एक घर सरकून 0111 होतो आणि मग दोन घरं सरकून 1101. एलईडी बघितले, 1101! मी खुर्चीतून उठून एक छोटी फेरी मारून आलो. मग दोन घरं करून बघितली, 1110 हवा होता, 1110 आला. आता उरले एक आणि शून्य, ते काय, शून्य म्हणजे तर काहीच करायचं नाही.

आणि शून्यानेच वाट लावली.

```
S1 S0   हवं    आलं
0  0    1011   0111
0  1    0111   1011
1  0    1110   1110
1  1    1101   1101
```

हे टेबल नीट बघा. काहीच सरकवू नको म्हटलं तर पठ्ठ्या एक घर सरकतोय, आणि एक घर सरक म्हटलं तर जागेवर बसतोय. कुठलाही शहाणा माणूस काय म्हणेल? S0 उलटा लागलाय! मी पण तेच म्हटलं, मोठ्याने. खालच्या दोन ओळी बरोबर का येतायत हा विचार मनात आला होता, खोटं नाही बोलत, पण मी त्याला बाहेर बसवला आणि S0 च्या वाटेत 0 चा 1 आणि 1 चा 0 करणारा एक इन्व्हर्टर ठोकला. आता वरच्या दोन ओळी एकदम बरोबर. आणि खालच्या दोन? दोन घरांना 1101 आणि तीन घरांना 1110, म्हणजे एकमेकांची उत्तरं घेऊन बसलेल्या. रोग तोच, फक्त वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर राहायला गेला.

मग मी पहिल्या थरातल्या आठही वायरी उपटून परत लावल्या. काही फरक नाही. परत उपटल्या. भाऊ म्हणाला, "दादा, त्यांचा काय दोष?"

"मग कोणाचा आहे सांग ना."

"मला काय माहीत. पण तू एवढे तीन-तीन दिवे एकदम का लावतोस, कोणता कुठे गेला ते कळतच नाही. एकच लाव ना."

मी त्याला काहीतरी सणसणीत सुनावणार होतो, पण तोंड उघडेपर्यंत कळलं की बरोबर बोलतोय गाढव. 1011 मध्ये तीन एक आहेत, तिघांचे चेहरे सारखे, दोघांनी आपसात जागा बदलली तर कोणाच्या बापाला कळणार नाही. इन्व्हर्टर काढला, इनपुट 0001 केला, आणि एकटा दिवा हळूहळू चालवत नेला. शून्य घरं, 0001, बरोबर. एक घर, 0010, बरोबर. दोन घरं, 0100 हवा होता, आला 1000. तीन घरं, 1000 हवा, आला 0100.

"दादा, डावीकडचे दोन दिवे एकमेकांच्या घरी गेलेत."

गेले होतेच. सिलेक्टचा काही संबंध नव्हता, पहिला थर तर बिचारा गंगेसारखा स्वच्छ होता. दुसऱ्या चिपच्या आउटपुटला मी अंदाजाने हात मारला होता. डावीकडे वरून खाली पहिला फाटा, मग दुसरा, मग मी धरून चाललो की उजवीकडे पण वरून खाली तिसरा आणि चौथा. पण चिपचे पाय डावीकडून खाली उतरतात आणि उजवीकडून वर चढतात, त्यामुळे तिसऱ्याचा आउटपुट तळाला पाय 9 वर आणि चौथ्याचा त्याच्या वर पाय 12 वर. इनपुट मी डेटाशीट बघून लावले होते. आउटपुटच्या वेळी डेटाशीट चहाच्या कपाखाली होती.

आणि 1011 ची गंमत अशी की त्याचे डावीकडचे दोन बिट अदलाबदल केले की 0111 होतो, जे नेमकं एक घर सरकल्याचं उत्तर आहे. 1110 आणि 1101 मध्ये डावीकडचे दोघंही एकच, त्यांची अदलाबदल करा नाहीतर पूजा करा, दिसत काही नाही. म्हणजे सोळा आकड्यांतून मी नेमका असा उचलला जो पुराव्यासकट S0 वर आळ घेतो.

दोन वायरी बदलल्या. वीस सेकंदाचं काम. चारही ओळी बरोबर.

झोपायला हवं होतं, पण भावाने विचारलं की फिरून येण्याऐवजी रिकाम्या जागी शून्य नाही का भरता येत? येतं की, फिरून येणाऱ्या तीनच वायरी आहेत, वरच्या थरात एक आणि खालच्यात दोन, त्या काढल्या की झालं. काढल्या. 1011 तीन घरं, हवा 1000. डावा दिवा लागला, बाकीचे तीन मात्र मनाला येईल तसे लुकलुकायला लागले. भावाने बघायला बोट जवळ नेलं तर एक विझला, मागे घेतलं तर परत लागला.

"दादा! माझ्या हातात करंट आहे!"

करंट कसला, तीन इनपुट मी नुसते हवेत सोडले होते. ते ग्राउंडला टाकले तेव्हा बारा वाजून गेलेले, आणि तो अजून बोट फिरवून बघतच होता.